व्याजदर विकासदरापेक्षा कमी असला की कर्जाची चिंता मिटली का?

प्रश्न: "व्याजदर जीडीपीच्या वाढीपेक्षा कमी असेल तर सरकारी कर्ज आपोआप आटोक्यात राहतं असं सगळीकडे वाचतो. मग 2020-21 मध्ये केंद्राने इतक्या स्वस्तात रोखे विकूनही कर्जाचं प्रमाण एवढं कसं वाढलं? नक्की कोणता व्याजदर आणि कोणता विकासदर धरायचा? आणि प्रमाण वाढायला लागतं ते कधी?"

उत्तर:

माझी बरीचशी नोकरी मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत, सरकारी रोख्यांच्या टेबलावर गेली. हा हिशेब तिथे दर अर्थसंकल्पानंतर करावा लागायचा, त्यामुळे ज्या क्रमाने करायचो त्याच क्रमाने सांगतो.

आधी थोडक्यात. "व्याजदर विकासदरापेक्षा कमी" एवढ्याने प्रमाण खाली येत नाही. त्या फरकामुळे सरकारला दरवर्षी थोडी तूट करायची मोकळीक मिळते. तूट त्या मोकळिकीच्या आत राहिली तर प्रमाण उतरतं, बाहेर गेली तर चढतं. फरक उलटा झाला, म्हणजे व्याजदर वर गेला, तर मोकळीक संपते आणि प्रमाण नुसतं जागेवर ठेवायलाही सरकारला व्याज सोडून बाकीच्या व्यवहारात शिल्लक टाकावी लागते.

इथे तूट म्हणजे प्राथमिक तूट. राजकोषीय तुटीतून व्याजाचा खर्च वजा केला की उरते ती. बातम्यांमध्ये राजकोषीय तुटीचाच आकडा येतो, पण त्यात व्याज आधीच धरलेलं असतं. तो आकडा घेऊन वर पुन्हा व्याजदर लावला तर एकच ओझं दोनदा मोजलं जातं.

सूत्र एवढंच आहे:

```
d(t) = d(t-1) × (1 + r) / (1 + g) + p
```

`d` म्हणजे कर्जाचं जीडीपीशी प्रमाण, `r` व्याजदर, `g` जीडीपीची वाढ आणि `p` प्राथमिक तूट, तीही जीडीपीच्या टक्केवारीत. जुनं कर्ज व्याजाने फुगतं, ज्या जीडीपीने त्याला भागायचं तोही वाढतो, आणि वर्षाची नवी तूट वरून पडते. प्रमाण जागेवर ठेवणारी तूट काढायची असेल तर `p = d × (g - r) / (1 + g)`. वर जिला मोकळीक म्हटलं ती हीच.

आता `r` कोणता घ्यायचा ते बघू, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

केंद्राच्या रोख्यांचा लिलाव शुक्रवारी असायचा. साडेदहा ते साडेअकरा या तासाभरात बोली लावायची, मग कट-ऑफची, म्हणजे कोणत्या दरापर्यंतच्या बोली स्वीकारल्या त्याची, वाट बघायची. संध्याकाळच्या बातमीत जो "सरकारचा कर्जाचा दर" येतो तो या लिलावातला, म्हणजे त्या दिवशी घेतलेल्या नव्या कर्जाचा. 2020-21 मध्ये वर्षभराच्या लिलावांचा सरासरी दर 5.79 टक्के पडला, सतरा वर्षांतला सर्वांत कमी. ऑगस्ट 2020 मध्ये आलेला दहा वर्षांचा रोखा 5.77 टक्के कूपनचा, म्हणजे दरवर्षीच्या ठरलेल्या व्याजाचा, होता. पण आमच्याच पुस्तकात त्याच वेळी 8.83 टक्क्यांचा, 2023 मध्ये मुदत संपणारा रोखाही पडून होता. तो नोव्हेंबर 2013 मध्ये निघालेला. नव्या रोख्यावर सरकार शंभर रुपयांमागे सहामाही 2 रुपये 88 पैसे देणार होतं, जुन्यावर 4 रुपये 41 पैसे देतच होतं, आणि ते नोव्हेंबर 2023 पर्यंत चुकणार नव्हतं. बाजारात दर कितीही पडले तरी जुन्या रोख्याचं कूपन बदलत नाही.

म्हणून सूत्रात जायला हवा तो साऱ्या साठ्यावरचा सरासरी दर. तो काढणं सोपं आहे: वर्षभरात दिलेलं व्याज भागिले वर्षाच्या सुरुवातीचं कर्ज. 2020-21 मध्ये केंद्राने सुमारे 6.8 लाख कोटी रुपये व्याज दिलं आणि सुरुवातीचं कर्ज 103 लाख कोटींच्या घरात होतं, म्हणजे दर साधारण 6.6 टक्के. (कुणी सरासरी शिल्लक घेतं, कुणी फक्त रोख्यांवरचं कूपन, त्याप्रमाणे हा आकडा साडेसहा ते सव्वासात टक्क्यांच्या दरम्यान हलतो. कोणताही घ्या, फक्त सगळ्या वर्षांना तोच धरा.) आमच्याकडे एका नव्या मुलाने 2021 च्या सुरुवातीला पुढच्या पाच वर्षांचा तक्ता केला होता आणि सगळीकडे 5.8 टक्के टाकले होते. त्याच्या तक्त्यात कर्जाचं प्रमाण सुरेख उतरत होतं. केंद्राच्या रोख्यांची सरासरी उरलेली मुदत अकरा वर्षांच्या आसपास असताना एका वर्षाच्या स्वस्ताईने सरासरी दर फार तर काही दशांशांनी हलतो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: दर भडकले तरी सरासरी सावकाशच चढते. लांब मुदतीच्या कर्जाचा खरा फायदा तो.

`g` बाबत नियम एकच. व्याजदर रुपयांतला असेल तर वाढही रुपयांतली, म्हणजे चालू किमतींनुसारची हवी. महागाई वजा करून आलेली खरी वाढ नको. दोन्ही बाजूंनी महागाई वजा केली तरी उत्तर तेच येतं, पण एकीकडे रुपयांतला व्याजदर आणि दुसरीकडे खरी वाढ ठेवली की हिशेब बिघडतो. वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत येतो तो आकडा बहुतेक वेळा खऱ्या वाढीचा असतो.

आता 2020-21 मांडून बघू. आकडे गोळाबेरीज घेतले आहेत. जीडीपीचे अंदाज नंतर सुधारले जातात, त्यामुळे दशांशांवर भांडू नये.

सुरुवातीचं प्रमाण साधारण 51.5 टक्के. व्याजदर 6.6. त्या वर्षी चालू किमतींनुसार जीडीपी वाढला नाहीच, साधारण 1.4 टक्क्यांनी घटला. म्हणजे फरक 6.6 अधिक 1.4, आठ टक्के, आणि तोही उलट्या दिशेचा. त्याला 0.986 ने भागून 51.5 ने गुणलं की 4.2 येतात. राजकोषीय तूट 18.2 लाख कोटींच्या आसपास होती. व्याज काढल्यावर प्राथमिक तूट जीडीपीच्या 5.7 टक्के. 51.5 अधिक 4.2 अधिक 5.7 म्हणजे 61.4. केंद्राचं कर्ज त्या वर्षअखेर जवळपास तिथेच होतं.

या 4.2 कडे जरा थांबून बघा. साध्या वर्षात जीडीपी रुपयांत दहा टक्के वाढला असता तर याच जागी उणे 1.6 आलं असतं. म्हणजे नुसती वाढ गेल्यामुळे प्रमाणाला 5.8 अंकांचा धक्का बसला, जवळजवळ अख्ख्या प्राथमिक तुटीएवढा. त्या वर्षी चर्चा झाली ती मदतीवर आणि मोफत धान्यावर झालेल्या खर्चाची, पण निम्म्याहून जास्त नुकसान भागाकाराच्या खालच्या आकड्यात झालं होतं. आणि समजा अख्खं कर्ज त्या दिवशी 5.79 टक्क्यांवर आलं असतं तर? 4.2 चे 3.8 झाले असते. स्वस्त लिलावांचा सगळा फायदा धरूनही अर्ध्या अंकाच्या आतच. एवढ्या स्वस्तात रोखे विकूनही प्रमाण का चढलं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पुढच्या वर्षी हेच उलट झालं. 2021-22 मध्ये चालू किमतींनुसार वाढ अठरा टक्क्यांच्या वर गेली, कारण आधीचं वर्ष खड्ड्यात होतं आणि महागाईही होती. व्याजदर तोच, 6.6. फरक जवळपास बारा टक्के, 61.4 वर त्याचा परिणाम उणे 6.1. प्राथमिक तूट 3.3 टक्के होती, महामारीआधीच्या मानाने मोठीच, तरीही प्रमाण 58.6 च्या आसपास उतरलं. त्या वर्षी सरकारने काटकसर केली म्हणून प्रमाण उतरलं असं कुणी सांगितलं तर आधी हे 6.1 दाखवावं. अशी वर्षं पुन्हापुन्हा येत नाहीत, म्हणून त्यांच्यावरून पुढचा अंदाज बांधू नये.

आता आटोक्यात राहण्याबद्दल. पुस्तकी उत्तर असं की `g` कायम `r` पेक्षा जास्त असेल आणि प्राथमिक तूट ठरावीक असेल, तर प्रमाण अनंत वाढत नाही, एका पातळीला जाऊन थांबतं. हे खरं आहे. पण ती पातळी कोणती? दरवर्षी 2 टक्के तूट, वाढ 10, व्याज 7 असं धरलं तर प्रमाण 73 टक्क्यांवर स्थिरावतं. वाढ 9 आणि व्याज 7.2 धरा, तूट तीच 2 टक्के. पातळी 121 टक्क्यांवर जाते. वाढीत एक अंक आणि व्याजात दोन दशांश एवढ्याच बदलाने. फरक लहान असला की पातळी काढताना आपण अगदी लहान संख्येने भागत असतो, त्यामुळे जराशा चुकीने उत्तर कुठल्या कुठे जातं. "शेवटी स्थिरावेल" हे वाक्य मला म्हणूनच पुरेसं वाटत नाही. 121 टक्क्यांपर्यंत जाता जाता व्याजदर 7.2 वरच राहील, असं गृहीत धरणाऱ्याने रोखे विकत घेणाऱ्याची बाजू बघितलेली नसते. कर्ज वाढलं की लिलावात आम्ही जास्त दर मागायचो, आणि तो पुढच्या वर्षाच्या `r` मध्ये जायचा.

हा फरक आपल्याकडे याआधीही उलटा झालेला आहे. मी टेबलावर नवा होतो तेव्हाची, 2000 ते 2003 ची गोष्ट. 1995-96 मध्ये केंद्राच्या लिलावांचा सरासरी दर पावणेचौदा टक्क्यांच्या घरात होता. तेव्हा महागाई जास्त असल्यामुळे जीडीपी रुपयांत त्याहून वेगाने वाढत होता आणि ते दर फारसे बोचत नव्हते. मग महागाई उतरली, शेती आणि उद्योग दोन्ही थंडावले, चालू किमतींनुसारची वाढ सात-आठ टक्क्यांवर आली. पण चढ्या कूपनचे जुने रोखे तसेच होते आणि साऱ्या कर्जावरचा सरासरी दर नऊ-दहाच्या आसपास राहिला. त्यात प्राथमिक तूटही होतीच. दोन्ही पारडी एकाच बाजूला झुकली. केंद्र आणि राज्यं मिळून कर्जाचं प्रमाण त्या काही वर्षांत 70 टक्क्यांच्या आसपासवरून 2003-04 पर्यंत 80 च्या वर गेलं. महामारी नव्हती, बँका बुडाल्या नव्हत्या, बाजारात घबराट नव्हती. उलट लिलावातले दर त्या काळात पडतच होते आणि आम्ही रोख्यांवर नफा कमावत होतो.

महागाई अपेक्षेपेक्षा लवकर उतरली की असं होतं. जुना व्याजदर जुन्या महागाईवर बांधलेला असतो आणि वाढ नव्या महागाईने मोजली जाते. जुलै 2003 मध्ये केंद्राने बँकांकडून चढ्या कूपनचे, बाजारात फारसे न फिरणारे रोखे परत घेऊन त्या बदल्यात नवे दिले, आणि राज्यांनीही केंद्राकडची महागडी कर्जं स्वस्तात बदलून घेतली. पण प्रमाण खाली आलं ते मुख्यतः त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत वाढीने वेग घेतला आणि प्राथमिक तूट आवळली गेली म्हणून. 2010-11 पर्यंत ते 70 च्या खाली होतं.

सूत्रात न बसणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. कधीकधी तूट, व्याज, वाढ सगळं मांडूनही वर्षअखेरचं कर्ज जुळत नाही. तेव्हा अर्थसंकल्पाबाहेरून कर्ज आत आलेलं असतं. 2005-06 ते 2009-10 या काळात केंद्राने तेल कंपन्यांना अनुदान रोख देण्याऐवजी सुमारे 1.4 लाख कोटी रुपयांचे तेल रोखे दिले. पैसा हातातून गेला नाही म्हणून तो त्या वर्षीच्या तुटीत दिसला नाही, पण कर्ज झालं, आणि त्याचं व्याज व मुद्दल पुढच्या सरकारांनी फेडलं. राज्यांनी वीज वितरण कंपन्यांची कर्जं स्वतःच्या डोक्यावर घेतली तेव्हाही असंच झालं. हिशेब जुळत नसेल तर सूत्रावर शंका घेण्याआधी असं काही आत आलंय का ते शोधा. परकीय चलनातलं कर्ज मोठं असलेल्या देशांत रुपया किंवा पेसो पडला की अशीच उडी दिसते. केंद्राचं बाहेरचं कर्ज थोडं असल्याने आपल्याला ती फारशी जाणवत नाही.

परिस्थितीवर सर्वांत जास्त काय अवलंबून आहे, तर आपला `r` कमी का आहे हे. आपल्याकडे बँकांना ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत वगैरे ठेवावाच लागतो. 1990 च्या सुरुवातीला तो 38.5 टक्के होता, आता 18 आहे. विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी यांनाही मोठा भाग तिथेच घालावा लागतो. म्हणजे गिऱ्हाईक बऱ्यापैकी बांधलेलं आहे आणि कर्ज आपल्याच चलनात आहे. त्यामुळे इतकं कर्ज असूनही दर भडकत नाहीत, पण त्याची किंमत ठेवीदार आणि खासगी कर्जदार थोडीथोडी मोजतात. हे बंधन आणखी सैल होत गेलं तर आजचा फरक तसाच राहील असं मी धरणार नाही.

शेवटी ताजं वर्ष, म्हणजे तुम्हाला स्वतःला करून बघता येईल. 2025-26 चा अर्थसंकल्प मांडताना केंद्राने जीडीपी रुपयांत 10.1 टक्के वाढेल असं धरलं होतं. कर्ज सुमारे 57 टक्के, आणि व्याजासाठी ठेवलेली 12.76 लाख कोटींची तरतूद सुरुवातीच्या कर्जाने भागली तर दर 7 च्या आसपास. मोकळीक येते 1.6 टक्के. योजलेली प्राथमिक तूट होती 0.8. म्हणजे प्रमाण 0.8 अंकांनी उतरायला हवं, आणि मार्च 2031 पर्यंत 50 टक्क्यांच्या आसपास यायचं जे लक्ष्य केंद्राने ठेवलं आहे त्याच्या दिशेने हा वेग जातो, जरासा कमी पडत असला तरी.

जानेवारी 2026 मध्ये पहिला आगाऊ अंदाज आला. खरी वाढ 7.4 टक्के, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण महागाई अगदी कमी असल्याने रुपयांतली वाढ 8 टक्केच होती. बाकी सगळं तसंच ठेवून तो 8 सूत्रात घाला: मोकळीक 1.6 वरून 0.5 वर येते, आणि योजलेली 0.8 ची तूट तिच्या बाहेर जाते. प्रमाण उतरायच्या ऐवजी 0.3 ने वर सरकतं. तूट एका रुपयानेही वाढलेली नाही, लिलावात दर चढलेले नाहीत, आणि व्याजदर अजूनही वाढीपेक्षा एक टक्क्याने कमीच आहे. प्रत्यक्षात व्याजावरचा खर्च तरतुदीपेक्षा कमी झाला किंवा जीडीपीचा आकडा पुढे सुधारला तर हे 0.3 पुसलंही जाईल. पुढचे अंदाज येतील तेव्हा 8 च्या जागी नवा आकडा, 7 च्या जागी प्रत्यक्ष दिलेल्या व्याजावरून काढलेला दर आणि 0.8 च्या जागी सुधारित प्राथमिक तूट घालून बघा. काही अडलं तर आकडे इथेच टाका, आपण जुळवू.